माझे 3,840, कंपनीचे 1,800: पीएफमधला हा फरक बरोबर आहे का?

रेवती_रावपुरा
नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. ही नोकरी अलीकडची. त्याआधी दुसरीकडे बरीच वर्षं होते, आणि पीएफचं खातं 2012 पासून चालू आहे.

आता बेसिक आणि डीए मिळून 32,000 होतात. सॅलरी स्लिपमध्ये पीएफची कपात 3,840 दिसते, म्हणजे बरोबर 12 टक्के. पण काल पासबुक उघडलं तर एकाच महिन्याच्या ओळीत Employee Share 3,840, Employer Share 550 आणि Pension 1,250 असे आकडे आहेत. जुन्या कंपनीत माझा बेसिक 27,000 होता, तेव्हा माझे 3,240, कंपनीचे 1,990 आणि पेन्शनचे 1,250 दिसायचे. म्हणजे माझ्याइतकेच पैसे कंपनीकडूनही यायचे. इथे मी 3,840 भरते आणि कंपनीचे सगळे मिळून 1,800.

एचआरला विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, कायद्याने आमची जबाबदारी 15,000 च्या पगारापर्यंतच आहे." असेल बापडी. पण मग माझी कपात 32,000 वर कशी? मर्यादा आहे तर ती दोघांना नको का? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

दामले_मांजलपूर
रेवतीताई, सरळसरळ फसवणूक आहे ही. पीएफचा पायाच समान हिश्श्याचा आहे. कामगाराचे जितके, तितकेच मालकाचे. आम्ही युनियनमध्ये असताना हेच सांगून भांडायचो आणि जिंकायचो. कंपनीने 3,840 भरलेच पाहिजेत. पीएफ ऑफिसात एक अर्ज टाका, दोन नोटिसा गेल्या की सुतासारखे सरळ येतील.

प्रथमेश_१९
पण वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे ना? त्याच्या वर भरताच येत नाही असं बँकेत सांगितलं मला.

स्नेहल_निझामपुरा
प्रथमेश, ते पीपीएफ. पोस्टात आणि बँकेत उघडतो ते. इथे नोकरीतल्या पीएफचं चाललंय.

प्रथमेश_१९
ओके ओके, वाचत राहतो.

जोशी_पेरोल
मी बरीच वर्षं पगाराचंच काम करतो, तीन-चार कारखान्यांचं पीएफचं चलन माझ्याकडे असतं. सवडीने लिहितो.

आधी 550. तो आकडा बघून सगळ्यांनाच धक्का बसतो, पण त्यात काही काळंबेरं नाही. कंपनी 15,000 वर 12 टक्के भरते, म्हणजे 1,800. त्यातून 15,000 चे 8.33 टक्के, म्हणजे 1,250 रुपये, आधी पेन्शनमध्ये जातात आणि उरलेले 550 तुमच्या पीएफमध्ये पडतात. जुन्या कंपनीत 3,240 मधून तेच 1,250 गेले की 1,990 उरायचे. पेन्शनचा वाटा 15,000 च्या वर जातच नाही, म्हणून दोन्हीकडे तो सारखाच दिसतो. फरक सगळा Employer Share मध्ये उमटतो.

आता मूळ प्रश्न. रेवतीताई, मर्यादा दोघांनाही आहे. योजनेच्या पॅरा 26अ मध्ये सरळ म्हटलंय की पगार 15,000 च्या वर असेल तर कर्मचारी आणि मालक, दोघांचंही बंधन 15,000 पर्यंतच्या पगारावर जेवढे होतात तेवढ्यापुरतंच. म्हणजे तुमच्यावरही सक्ती आहे ती 1,800 चीच. त्याच्या वर कर्मचाऱ्याला स्वखुशीने भरता येतं. पण त्याने जास्त भरले म्हणून मालकावर तितकेच भरण्याची जबाबदारी येत नाही, हेही पॅरा 29 मध्ये लिहिलेलं आहे.

त्यामुळे 32,000 बेसिकच्या माणसाच्या पासबुकात तीन प्रकार दिसू शकतात आणि तिन्ही कायद्यात बसतात. दोघांचे 1,800. दोघांचे 3,840. किंवा तुमच्यासारखं, माणसाचे 3,840 आणि कंपनीचे 1,800. दामलेकाका म्हणतात तो समान हिस्सा खरा आहे, पण तो 15,000 पर्यंतच्या पायावर समान.

बसत नाही ती एकच गोष्ट: तुमचे वरचे 2,040 तुम्हाला न विचारता कापणं. म्हणून मी उलट तुम्हालाच विचारतो, नोकरीला लागताना तुम्ही कुठे सही केली होती का? पूर्ण बेसिकवर पीएफ हवा असा एखादा फॉर्म, एखादी खूण? ते शोधा. आणि नियुक्तीपत्राला पगाराची जी पुरवणी जोडलेली असते, त्यात कंपनीचा पीएफ म्हणून किती रक्कम धरलीय तेही बघा. सगळा उलगडा त्या दोन कागदांत आहे.

दामले_मांजलपूर
जोशीबुवा, तुम्ही मालकाच्या टेबलावरून बोलताय. आमच्या कारखान्यात पूर्ण बेसिकवर दोघांचेही जायचे आणि कुणी 15,000 चं नाव काढत नव्हतं.

जोशी_पेरोल
काका, तुमच्या कारखान्यात जायचे कारण तुमच्या युनियनने तसा करार केला होता. ती तुमची कमाई, कायद्याची नव्हे. आणि तेव्हा मर्यादा 15,000 नव्हतीच. 2001 पासून 6,500 होती, 15,000 झाली ती 1 सप्टेंबर 2014 ला.

शोभा_कारेलीबाग
काकांच्या काळची आठवण निघाली म्हणून. यजमानांच्या जुन्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याला 541 दिसतात, आणि एका महिन्यापासून एकदम 1,250. मला वाटायचं पगार वाढला असेल.

जोशी_पेरोल
शोभाकाकू, 541 म्हणजे 6,500 चे 8.33 टक्के. तो बदल सप्टेंबर 2014 चाच असणार, महिना ताडून बघा.

चिन्मय_अकोटा
माझं प्रकरण रेवतीताईंच्या उलटं आहे. बेसिक 40,000. पहिल्या दिवसापासून कंपनी पूर्ण 12 टक्के भरायची. माझे 4,800, कंपनीचे 3,550 आणि पेन्शनचे 1,250. या एप्रिलपासून कंपनीच्या रकान्यात 550 येतात. माझी कपात मात्र 4,800 च. ना मेल, ना पत्र. विचारलं तर म्हणे "धोरण बदललं". महिन्याला 3,000, वर्षाला 36,000 रुपये गेले की हो!

स्नेहल_निझामपुरा
गेले कुठे पण? कंपनीने स्वतःकडे ठेवले?

चिन्मय_अकोटा
तेच कळत नाहीये. सीटीसी तेवढाच दाखवतात.

जोशी_पेरोल
चिन्मय, मार्चची आणि एप्रिलची स्लिप शेजारी शेजारी ठेव. स्पेशल अलाउन्स 3,000 ने वाढलाय का बघ. वाढला असेल तर पैसे तुझ्याकडेच आलेत, फक्त दुसऱ्या दाराने. तरीही फरक पडतोच, कारण कंपनीकडून पीएफमध्ये आलेल्या रकमेवर तुला कर लागत नव्हता, अलाउन्सवर लागेल. वर पीएफचं व्याज सुटलं ते वेगळंच. 2024-25 ला ते 8.25 टक्के होतं.

आणि अलाउन्स वाढलेला नसेल, तर सीटीसीच्या कागदावर अजूनही वर्षाचे 57,600 कंपनीचा पीएफ म्हणून छापलेत का ते बघ. कागदावर 57,600 आणि पासबुकात 21,600, तर फरकाचा हिशेब कंपनीने द्यायला हवा.

चिन्मय_अकोटा
बघितलं. स्पेशल अलाउन्स होता तितकाच आहे. सीटीसीचा नवा कागद दिलेलाच नाही. जुन्यावर 57,600 आहे.

अ‍ॅडव्होकेट_सयाजीगंज
इथे थोडं बोलते, कारण हा प्रश्न वारंवार येतो.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल आहे, मराठवाडा ग्रामीण बँक आणि तिच्या कर्मचारी संघटनेतला. बँक मर्यादेच्या वर भरत होती, नंतर तिने ते थांबवलं. न्यायालय म्हणालं की कायद्याने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त भरण्याची सक्ती मालकावर करता येत नाही, आणि आधी जास्त भरत होता एवढ्यावरून ती सक्ती जन्माला येत नाही. त्यामुळे चिन्मय, पीएफ ऑफिसात जाऊन "कंपनीला 4,800 भरायला लावा" म्हणालात तर ते हा निकाल दाखवतील. त्यांच्या दृष्टीने 1,800 आले, विषय संपला.

पण त्या निकालाने तुमचं नियुक्तीपत्र रद्द होत नाही. पत्रात "कंपनी बेसिकच्या 12 टक्के भरेल" असं स्पष्ट लिहिलं असेल तर ती तुमच्या नोकरीची अट आहे आणि ती एकतर्फी बदलणं हा करारभंगाचा मुद्दा होतो. शिवाय औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9अ प्रमाणे मालकाने पीएफमधला आपला वाटा बदलायचा असेल तर कामगारांना 21 दिवसांची आगाऊ नोटीस द्यावी लागायची. त्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही नोटिशीची तरतूद आहेच. अडचण अशी की हे संरक्षण "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. तुमचं पद काय?

चिन्मय_अकोटा
सीनियर इंजिनिअर. हाताखाली चार जण आहेत, पण रजा मंजूर करायचा अधिकारही माझ्याकडे नाही. दिवसभर मशिनवरच असतो.

अ‍ॅडव्होकेट_सयाजीगंज
मग वादाला जागा आहे. पदाच्या नावावरून ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता त्यावरून ठरतं. पण आधी नियुक्तीपत्रातलं वाक्य जसंच्या तसं वाचून सांगा. "12 टक्के" आहे की "कायद्यानुसार"? त्या एका शब्दावर बरंच काही आहे.

दामले_मांजलपूर
वकीलबाई, सीटीसीचं हे जे नाटक आहे त्यावर कुणी बोलणार का? कंपनीचा वाटा आपल्याच पॅकेजमध्ये धरतात. मग तो कंपनीचा वाटा कसा? आमच्या वेळी पगार वेगळा आणि मालकाचा हिस्सा वेगळा. मालकाने आपला हिस्सा पगारातून कापायचा नाही असं योजनेत लिहिलेलं आहे, मला पाठ आहे.

जोशी_पेरोल
लिहिलेलं आहे काका, पॅरा 31. ठरलेल्या पगारातून मालकाचा वाटा कापता येत नाही. पण नोकरी देतानाच "एकूण खर्च इतका, त्यात पीएफ इतका" असं ठरवलं तर ती कपात म्हणायची का? सगळ्या कंपन्या असंच करतात. काही जण तर प्रशासकीय खर्च आणि विम्याचे पैसेही त्यातच घालून 13 टक्के धरतात.

दामले_मांजलपूर
सगळे करतात म्हणून बरोबर होत नाही.

अ‍ॅडव्होकेट_सयाजीगंज
काका, मनाने मी तुमच्या बाजूची आहे. पण सुरुवातीला मान्य केलेल्या पॅकेजबद्दल भांडणं अवघड असतं. नोकरी चालू असताना हातात येणारा पगार कमी करून मालकाचा वाटा भरला, तर मात्र भांडता येतं.

स्नेहल_निझामपुरा
माझाही एक प्रश्न घुसवते. ह्यांना वाघोडियाकडच्या एका कारखान्यात 24,000 मिळतात. बेसिक 9,000 आणि बाकी 15,000 स्पेशल अलाउन्स. पीएफ 9,000 वरच जातो, दोघांचेही 1,080. इथे सगळे 15,000 ची मर्यादा म्हणताय, पण ह्यांचा पाया तिथवर पोचतच नाही. हे चालतं?

जोशी_पेरोल
स्नेहलताई, हा प्रश्न रेवतीताईंपेक्षा गंभीर आहे. 2019 च्या विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जो भत्ता सगळ्यांना सरसकट दिला जातो, कामाच्या कमी-जास्त प्रमाणाशी ज्याचा संबंध नाही, तो पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा. यजमानांचा स्पेशल अलाउन्स सगळ्या खात्यात सगळ्यांना मिळत असेल तर पाया 24,000 होतो, मग मर्यादेमुळे 15,000 वर थांबतो, आणि दोघांचेही 1,800 जायला हवेत. म्हणजे कंपनीकडून महिन्याला 720 कमी येताहेत. इथे पीएफ ऑफिस लक्ष घालू शकतं, कारण हा कायद्यातलाच भाग आहे.

रेवतीताई आणि चिन्मय यांना या निकालाचा उपयोग नाही. त्यांचा नुसता बेसिकच 15,000 च्या वर आहे. त्यात भत्ते घातले काय अन् न घातले काय, सक्तीचा पाया 15,000 च.

स्नेहल_निझामपुरा
पण मग ह्यांच्याही पगारातून 720 जास्त कापले जातील ना? हातात कमी येतील. घरभाडं, मुलीची फी...

जोशी_पेरोल
जातील. ते खरं आहे. पण तितकेच कंपनीकडूनही जास्त येतील, हे विसरू नका.

केदार_हरणी
नवीन कामगार संहितांमुळे सगळ्यांचा पीएफ वाढणार आणि हातातला पगार कमी होणार असं व्हॉट्सअॅपवर फिरतंय. ते काय आहे?

जोशी_पेरोल
संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्या अशी आहे की वगळलेले भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. ज्यांचा बेसिक मुद्दाम कमी ठेवलाय त्यांना त्याने फरक पडेल. ज्यांचा पीएफ आधीच 15,000 वर जातोय त्यांच्या कपातीत त्यामुळे काही वाढत नाही.

सुहास_कोठी
मर्यादा 25,000 होणार म्हणे. मग कंपनीचे 3,000 होतील ना?

जोशी_पेरोल
होतील, पण अधिसूचना निघेल तेव्हा. चर्चा कित्येक वर्षं ऐकतोय. आणि वाढली तर पेन्शनमध्ये जाणारा वाटाही वाढेल हे धरून चाला, सगळे 3,000 पीएफच्या रकान्यात दिसणार नाहीत.

सुहास_कोठी
आणि जास्त पेन्शनचा तो 2022 चा निकाल...

शोभा_कारेलीबाग
सुहास, त्यावर वेगळा धागा काढा बाबा. तो विषय इथे आला की रेवतीच्या प्रश्नाची वाट लागेल.

मिलिंद_गोत्री
एक शंका. मुलगा 2022 ला पहिल्यांदा नोकरीला लागला, बेसिक 28,000. दोघांचाही पीएफ 15,000 वर. त्याच्या पासबुकातही 1,800, 550, 1,250 असंच आहे. म्हणजे ठीक आहे ना?

जोशी_पेरोल
नाही, ठीक नाही. मिलिंदराव, बरं झालं विचारलंत.

1 सप्टेंबर 2014 नंतर जो पहिल्यांदाच सभासद झाला आणि लागतानाच ज्याचा पगार 15,000 च्या वर होता, त्याला पेन्शन योजनेत घेताच येत नाही. त्याच्या बाबतीत कंपनीचे सगळे 1,800 Employer Share मध्ये पडायला हवेत आणि Pension च्या रकान्यात शून्य. रेवतीताई 2012 पासून पेन्शनच्या सभासद आहेत म्हणून त्यांचे 1,250 बरोबर आहेत. तुमच्या मुलाचे 1,250 चुकीच्या खिशात जाताहेत.

हे होतं असं की पेरोलमध्ये सगळ्यांना एकच सूत्र लावून ठेवलेलं असतं आणि पीएफ ऑफिसचं पोर्टलही रक्कम घेतं. नोकरी सोडून पैसे काढायला किंवा दुसरीकडे वळवायला गेलं की तिथे अडकतं. आत्ताच कंपनीला लेखी कळवा. दुरुस्तीचा अर्ज कंपनीनेच करायचा असतो, मग पेन्शनमध्ये गेलेली रक्कम व्याजासकट पीएफमध्ये वळवतात. मुलाने लागताना भरलेला फॉर्म 11 मागून घ्या. आधीचा सभासद नव्हतो असं त्यात लिहिलेलं असेल तर काम सोपं.

मिलिंद_गोत्री
अरे देवा. आजच सांगतो त्याला. धन्यवाद जोशीसाहेब, पुढच्या वेळी दांडिया बाजारात भेटलात तर सेव-उसळ माझ्याकडून.

केदार_हरणी
सेव-उसळ वाटणार असाल तर माझ्याही पासबुकात काहीतरी शंका आहे बरं का 😀

सुहास_कोठी
तर्री जास्त घालून. लिहून ठेवा.

रेवती_रावपुरा
सगळ्यांचे आभार. कागद शोधले.

नियुक्तीपत्राच्या पुरवणीत "कंपनीचा भविष्य निर्वाह निधी: दरमहा 1,800" असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे कंपनीने जे सांगितलं तेच भरते आहे, माझे पैसे कुठे हरवलेले नाहीत. पहिल्या दिवशी भरलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात एक छापील फॉर्म सापडला. त्यात दोन चौकटी आहेत: "15,000 वर" आणि "पूर्ण बेसिकवर". दुसरीवर आधीच छापील खूण आहे, आणि खाली माझी सही. फॉर्ममध्ये कंपनीचा वाटा किती याचा उल्लेखच नाही. एचआर म्हणतं, "बहुतेक लोकांना पूर्णच हवा असतो म्हणून आम्ही तशी छापून ठेवली."

आता प्रश्न असा की माझे वरचे 2,040 चालू ठेवावेत का बंद करावेत? आणि बंद करता येतात का?

जोशी_पेरोल
छापील खूण असलेला फॉर्म पुढे करणं मला आवडलं नाही, पण सही आहे म्हणजे तुमची संमती आहे असंच ते म्हणणार.

बंद करता येण्याबाबत सांगतो. 15,000 च्या वरची तुमची रक्कम जर कंपनी ऐच्छिक पीएफ म्हणून दाखवत असेल तर ती कमी करता येते. बऱ्याच कंपन्या हा बदल फक्त एप्रिलमध्ये घेतात, कारण करकपातीचा हिशेब वर्षाचा असतो. पासबुकात पगाराचेही रकाने आहेत. EPF Wages खाली 15,000 दिसतात की 32,000, ते बघा. 15,000 असतील तर वरचे 2,040 ऐच्छिक म्हणूनच गेलेत.

अ‍ॅडव्होकेट_सयाजीगंज
आणि 32,000 दिसत असतील तर कदाचित कंपनीने आणि तुम्ही मिळून पॅरा 26(6) खाली जास्त पगारावर वर्गणीचा पर्याय दिला असेल. तो एकदा दिला की त्याच नोकरीत मागे घेता येत नाही असं काही अधिकारी सांगतात.

जोशी_पेरोल
इथे माझं मत वेगळं आहे. मर्यादेवरची वर्गणी ऐच्छिकच असते, तर ती थांबवायचीही मुभा हवी. मी दोन कर्मचाऱ्यांची लेखी अर्जावर 1,800 वर आणली, आणि चलन बिनबोभाट गेलं.

अ‍ॅडव्होकेट_सयाजीगंज
चलन गेलं म्हणजे हरकत कधीच येणार नाही असं नव्हे. तपासणीत विचारलं तर अर्जाची प्रत हवी. दोघांच्या सह्यांचा कागद करून ठेवा, एवढंच म्हणेन.

शोभा_कारेलीबाग
पण रेवती, बंद करायचेच कशाला? एवढं व्याज कुठल्या ठेवीत मिळतं? आणि हातात आले की खर्च होतात.

केदार_हरणी
काकू, घराचा हप्ता चालू असेल तर महिन्याला 2,040 ही रक्कम लहान नाही. शिवाय नव्या करपद्धतीत कर्मचाऱ्याच्या हिश्श्यावर 80सी ची वजावट नाही. जुन्या पद्धतीत असाल तर गोष्ट वेगळी.

जोशी_पेरोल
केदारचं वजावटीबद्दलचं बरोबर आहे. व्याजावर मात्र रेवतीताईंना कर लागणार नाही, कारण तो कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिस्सा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला तर वरच्या भागाच्या व्याजावर लागतो. त्यांचे वर्षाचे 46,080 होतात.

एक लक्षात घ्या. तुम्ही 3,840 भरलेत किंवा 1,800, कंपनीचे 1,800 च राहणार आणि पेन्शनही तेवढीच राहणार. त्यामुळे वरच्या 2,040 कडे फक्त बचत म्हणून बघा. कंपनीकडून काही मिळवण्याचा तो मार्ग नाही. मिळवायचं असेल तर पगारवाढीच्या वेळी "कंपनीचा वाटाही पूर्ण बेसिकवर करा" असं मागा. महिन्याला 2,040, वर्षाला 24,480 ची मागणी आहे ती, आणि कंपनीने मान्य केली तर तुम्हाला पगारवाढीसारखा तिच्यावर कर लागणार नाही. फक्त ती तुमच्याच स्पेशल अलाउन्समधून वळवलेली नाही ना, हे बघून घ्या.

दामले_मांजलपूर
हे शेवटचं मात्र पटलं. एकटीने मागू नका, खात्यातल्या सगळ्यांनी मिळून मागा.

रेवती_रावपुरा
पासबुक पुन्हा उघडलं. EPF Wages 15,000 च आहेत. म्हणजे ऐच्छिक.

सध्या चालू ठेवते, घराचा हप्ता अजून दोन वर्षांनी सुरू व्हायचाय. तेव्हा एप्रिलमध्ये लेखी अर्ज देईन. पण फॉर्मवरची छापील खूण काढा असं मी एचआरला मेल केलंय, आणि कंपनी किती भरणार तेही त्याच कागदावर छापा म्हटलंय. माझ्यासोबत लागलेल्या दोघींना अजूनही वाटतं की कंपनी त्यांच्याइतकेच भरते.

चिन्मय_अकोटा
माझं नियुक्तीपत्र सापडलं. वाक्य असं आहे: "कंपनी लागू नियमांनुसार बेसिक वेतनाच्या 12 टक्के दराने अंशदान करेल." दोन्ही शब्द आहेत! आता?

अ‍ॅडव्होकेट_सयाजीगंज
कंपनी "लागू नियमांनुसार" वर बोट ठेवेल, तुम्ही "बेसिक वेतनाच्या 12 टक्के" वर. तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत: पहिल्या दिवसापासून पूर्ण भरलेले पैसे, म्हणजे त्या वाक्याचा अर्थ कंपनीनेच वागून दाखवलेला आहे, आणि 57,600 चा छापील कागद. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही.

आधी कंपनीला लेखी विचारा: कुठल्या तारखेपासून, कुठल्या निर्णयाने, आणि सीटीसीतल्या 36,000 चं काय केलं. उत्तर लेखीच मागा.

स्नेहल_निझामपुरा
आणि ह्यांच्यासाठी मी तक्रार कुठे करू? नाव कळलं तर नोकरीवर गदा यायची.

जोशी_पेरोल
epfigms.gov.in वर तक्रार करता येते, पण तिथे यूएएन लागतो. नाव पुढे करायचं नसेल तर दर महिन्याच्या 27 तारखेला पीएफवाल्यांचं "निधी आपके निकट" शिबिर असतं, तिथे आधी तोंडी विचारून बघा. स्पेशल अलाउन्स सगळ्या खात्यांत सरसकट मिळतो हे दाखवायला दोन-तीन वेगवेगळ्या खात्यांतल्या स्लिपा लागतील. त्या गोळा होतात का ते आधी बघा.

स्नेहल_निझामपुरा
दोन मिळतील. तिसऱ्यासाठी ह्यांच्या मित्राला विचारायला सांगते.